साठ हजारांचा पहिला पीसी : कोणत्या भागावर किती?

पहिला पीसी जुळवताना पैशाची वाटणी बहुतेक वेळा उलट्या टोकापासून होते. आधी ग्राफिक्स कार्ड किंवा प्रोसेसर ठरतो, कारण गप्पा त्यांच्याच रंगतात. उरलेल्या पैशांत बाकीचे भाग कसेबसे बसवले जातात. मोजकी रक्कम हाती असेल तेव्हा ही पद्धत हमखास फसते. त्याऐवजी सुट्या भागांचे दोन गट पाडले की वाटणी सोपी होते. काही भाग नंतर सहज वाढवता येतात : रॅम, साठवणूक, ग्राफिक्स कार्ड. काही भाग नंतर बदलायचे म्हणजे अर्धा पीसी उचकटावा लागतो आणि आधीचा पैसा वाया जातो : मदरबोर्ड, एसएमपीएस, आणि बऱ्याच अंशी प्रोसेसर. पहिल्या खरेदीत पैसा दुसऱ्या गटावर पुरता लावावा आणि पहिल्या गटात गरजेपुरतेच घ्यावे. या प्रकरणात हा नियम एका ठरावीक रकमेवर लावून दाखवला आहे.

उदाहरण बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरचे आहे. या रस्त्यावर विप्रोचे मुख्यालय आहे, आसपास इतर आयटी कंपन्या आहेत आणि त्यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबे दोड्डकन्नेल्ली ते इब्लूरपर्यंतच्या सोसायट्यांत राहतात. समजा, अशाच एका घरात मोठी बहीण नोकरीला आहे आणि धाकटा भाऊ कोल्हापूरहून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी तिच्याकडे राहायला आला आहे. घरात जुना मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. पीसीसाठी साठ हजार रुपये ठरले आहेत, त्यावर एक रुपयाही मिळणार नाही. काम काय, तर प्रोग्रॅमिंग, लेक्चरचे व्हिडिओ, थोडे कॅडचे ड्रॉइंग, आणि रात्री जमल्यास गेम.

पुढे दिलेले भाव पद्धत समजण्यासाठी गोल करून घेतलेले आहेत. सुट्या भागांचे भाव आठवड्याला हलतात, म्हणून खरेदीच्या दिवशी त्याच रकान्यात त्या दिवसाचा भाव भरायचा. वाटणीमागचा विचार मात्र भाव बदलले तरी तोच राहतो.

खोक्याबाहेरचा खर्च आधी

साठ हजारांत पीसी म्हणजे साठ हजारांचे कॅबिनेट नव्हे. खोक्याबाहेरच्या वस्तूंचे पैसे सुरुवातीलाच वेगळे काढले नाहीत तर त्या शेवटी उरलेल्या चिल्लरमध्ये घ्याव्या लागतात आणि नेमक्या त्याच वस्तू रोज डोळ्यांसमोर आणि हाताखाली असतात.

मॉनिटरसाठी आठ हजार धरावेत. बावीस ते चोवीस इंची, आयपीएस पॅनेलचा आणि १९२० × १०८० रिझोल्यूशनचा पडदा या कामाला पुरतो. मॉनिटर खोक्याच्या आतल्या कोणत्याही भागापेक्षा जास्त टिकतो. पुढचा पीसी आला तरी तो टेबलावरच राहतो, म्हणून इथे हजार-दोन हजार वाचवणे महागात पडते. कीबोर्ड आणि माउस मिळून एक हजार. स्वस्त मदरबोर्डवर वायफाय नसते, त्यामुळे यूएसबीचा वायफाय अ‍ॅडाप्टर, चांगला एक्स्टेंशन बोर्ड आणि केबल यांसाठी आणखी एक हजार.

यूपीएसला साडेतीन हजार. हा खर्च पुष्कळ जण वगळतात, विशेषतः सर्जापूर रोडसारख्या ठिकाणी, कारण सोसायटीत जनरेटर असतो. बेस्कॉमची वीज गेली तर जनरेटर सुरू होतो हे खरे, पण तो लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात आणि पीसी बंद पडायला एक सेकंदही पुष्कळ होतो. शिवाय बऱ्याच सोसायट्यांत जनरेटरची लाइन घरातल्या सगळ्या प्लगना दिलेली नसते. दिवे, पंखे आणि दोन-तीन ठरावीक सॉकेट एवढ्यांवरच ती येते, आणि त्यावरही वॅटची मर्यादा असते. पीसी कुठल्या सॉकेटवर लावायचा हे म्हणूनच खरेदीआधी तपासावे : वीज गेल्यावर घरातले कोणते सॉकेट चालू राहतात ते टेबल-लॅम्प लावून एका संध्याकाळी कळते. यूपीएसचे काम इथे तासभर पीसी चालवण्याचे नाही. बदलाचे ते काही सेकंद भरून काढायचे, एवढेच. त्यासाठी ६०० व्हीएचा साधा यूपीएस सध्या चालतो. ‘सध्या’ का, ते पुढे येईल.

शेवटी दीड हजार रुपये हातचे ठेवावेत. जाण्यायेण्याचा खर्च, जुळवणीची मजुरी, विसरलेली एखादी केबल यात ते जातात. मॉनिटर आठ, यूपीएस साडेतीन, कीबोर्ड-माउस एक, वायफाय आणि केबल एक, हातचे दीड : बेरीज पंधरा हजार. खोक्याच्या आतल्या भागांसाठी खरी रक्कम पंचेचाळीस हजार आहे.

विंडोजचा परवाना या हिशेबात नाही. विंडोज ११ होमचा रीतसर परवाना काही हजारांना पडतो आणि पंचेचाळीस हजारांच्या खोक्यात तेवढा खड्डा पडला तर एखादा मुख्य भाग खालच्या दर्जाचा घ्यावा लागतो. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली फुकट मिळते आणि पहिल्या वर्षाचे बहुतेक काम तिच्यावर होते. कॅडचे एखादे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर कॉलेज विद्यार्थ्यांना परवाना देते का, हे आधी विचारावे.

कार्ड आताच बसवण्याचा प्रयत्न

धाकट्याला अर्थातच ग्राफिक्स कार्ड हवे असते. म्हणून आधी तीच वाटणी करून पाहणे योग्य, म्हणजे ती का बसत नाही ते आकड्यांतच दिसते.

पूर्ण एचडीवर गेम नीट चालवणारे ८ जीबी मेमरीचे कार्ड वीस हजार धरू. त्यासोबत चार कोअरचा कोअर आय३-१२१००एफ प्रोसेसर आठ हजार, एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड साडेसहा हजार, १६ जीबी रॅम आठ हजार, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी साडेचार हजार, बरा एसएमपीएस चार हजार आणि कॅबिनेट तीन हजार. बेरीज चोपन्न हजार. पंचेचाळीस हजारांच्या पुढे नऊ हजार.

इथे जी काटछाट सुचते ती ठरलेली आहे. रॅम १६ ऐवजी ८ जीबी : चार हजार वाचले. एसएमपीएस वेगळा न घेता कॅबिनेटसोबत येणारा वापरायचा : आणखी चार हजार. यूपीएस नंतर बघू : साडेतीन हजार. साडेअकरा हजार सुटले आणि कागदावर सगळे बसले, वर अडीच हजार शिल्लक. गेम खेळून दाखवणारा पीसी साठ हजारांत मिळाल्यासारखे वाटते.

पण यातली दुसरी काटछाट धोक्याची आहे. एसएमपीएसची लायकी खोक्यावर लिहिलेल्या वॅटवरून कळत नाही. एसएमपीएसच्या बाजूला एक स्टिकर असते, त्यावर प्रत्येक व्होल्टेजपुढे अँपिअर छापलेले असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात, म्हणून तोच आकडा बघायचा. ‘४५० वॅट’ लिहिलेल्या एखाद्या स्वस्त एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर लिहिलेले सापडले, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. कामाची वीज एवढीच. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर त्याच जागी ४४-४५ अँपिअर असतात, म्हणजे सव्वापाचशे वॅटच्या पुढे. ‘८० प्लस’ हा शिक्काही पुरेसा समजू नये. मूळ ८० प्लसचा अर्थ इतकाच, की २०, ५० आणि १०० टक्के लोडवर भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज पीसीला मिळते, उरलेली उष्णतेत जाते. आतले भाग किती टिकाऊ आहेत किंवा जादा व्होल्टेज आल्यास तो स्वतः बंद पडेल का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. म्हणून वॉरंटीची वर्षेही पाहावीत. पाच वर्षांची वॉरंटी देणारा कारखानदार सहसा आतल्या कपॅसिटरवर काटकसर करत नाही.

कमजोर एसएमपीएसचे लक्षण ओळखता येते. पीसी सुरू होतो, ब्राउझर चालतो, कोड लिहून होतो, आणि गेम सुरू केल्यावर दोन-चार मिनिटांत पडदा अचानक काळा होऊन मशीन परत सुरू होते. निळा पडदा नाही, कसला संदेश नाही. नंतर विंडोजच्या Event Viewer मध्ये Kernel-Power, Event ID 41 अशी नोंद दिसते. ही नोंद इतकेच सांगते की मशीन रीतसर बंद झाले नव्हते. वीज गेली तरी तीच नोंद होते. म्हणून आधी यूपीएसवर लावून पाहावे. यूपीएस असताना, घरातले दिवे न लुकलुकता, दर वेळी जड कामाच्या वेळीच मशीन पडत असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्यावा. स्वस्त एसएमपीएस जळताना एकटा जळेलच असेही नाही. मदरबोर्ड किंवा कार्ड त्याच्यासोबत गेले तर वाचवलेल्या चार हजारांच्या जागी वीस हजारांचा फटका बसतो.

या वाटणीत आणखी एक मेख आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावामागचे ‘एफ’ अक्षर म्हणजे आत ग्राफिक्सची सोय नाही. असा प्रोसेसर हजार-दीड हजाराने स्वस्त पडतो, पण कार्ड बिघडून वॉरंटीत गेले की मॉनिटरवर काहीच येत नाही. परीक्षेच्या महिन्यात कार्ड दुरुस्तीला गेले तर पीसी नुसते खोके होऊन बसतो.

टिकणारी वाटणी

आता तीच रक्कम नियमाप्रमाणे लावू. जे नंतर बदलणे जड, ते आता चांगले घ्यायचे. जे नंतर खोचता येते, त्याची जागा रिकामी ठेवायची.

प्रोसेसर कोअर आय५-१२४००, ‘एफ’ नसलेला. यात सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत आणि यूएचडी ७३० ही ग्राफिक्सची सोय आतच आहे. त्यासाठी तेरा हजार. मदरबोर्ड बी७६० चिपसेटचा, रॅमच्या चार खाचा असलेला : दहा हजार. रॅम १६ जीबी, आठ-आठच्या दोन पट्ट्या : आठ हजार. एसएसडी ५०० जीबी : साडेचार हजार. एसएमपीएस ५५० वॅटचा, वर सांगितल्याप्रमाणे स्टिकर पाहून घेतलेला : साडेचार हजार. कॅबिनेट, पुढे जाळी आणि किमान दोन पंखे असलेले : तीन हजार. बेरीज त्रेचाळीस हजार. दोन हजार शिल्लक.

या यादीत प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून तेवीस हजार, म्हणजे खोक्याच्या रकमेचा निम्म्याहून अधिक भाग गेला आहे. गेमच्या यादीशी तुलना केली तर हे विचित्र दिसते, पण विद्यार्थ्याचे रोजचे काम, म्हणजे कोड कंपाइल होणे, व्हर्च्युअल मशीन चालणे, एकाच वेळी वीस टॅब उघडे असणे, प्रोसेसर आणि रॅमवरच चालते. ग्राफिक्स कार्ड तिथे जवळजवळ रिकामे बसते. साधे कॅड ड्रॉइंग यूएचडी ७३० वर निघते. मोठ्या त्रिमितीय असेंब्ली फिरवताना मात्र ते अडखळते, आणि तशी असेंब्ली पहिल्या वर्षाला क्वचितच करावी लागते.

एसएसडी अर्ध्या टेराबाइटची घेतली तर पुरेल का, हा प्रश्न नेहमी येतो. प्रणाली, सॉफ्टवेअर आणि अभ्यासाचे साहित्य मिळून दोनशे जीबीच्या आत राहते. जागा खातात ते गेम, आणि एकेक मोठा गेम शंभर जीबीपर्यंत जातो. पण बी७६० च्या बहुतेक मदरबोर्डवर एम.२ ची दुसरी खाच असते. वर्षाने तिथे दुसरी एसएसडी बसवायला एक स्क्रू लागतो. जी गोष्ट एका स्क्रूने नंतर होते तिच्यासाठी आज पैसे अडकवू नयेत.

रॅम घेताना एक चूक सर्रास होते. बी७६० चे मदरबोर्ड दोन प्रकारांत मिळतात, काही डीडीआर४ रॅमचे, काही डीडीआर५ चे. दोन्ही पट्ट्यांची लांबी सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही. बोर्डाच्या नावात डी४ किंवा डीडीआर४ आहे का, हे कोटेशनवर वाचून मगच रॅम लिहावी. हिशेबात धरलेला बोर्ड डीडीआर४ चा आहे.

धाकट्याला पहिल्या दिवसापासून गेम खेळायचेच असतील आणि पुढची दोन-तीन वर्षे कार्ड घेण्याची शक्यता नसेल, तर प्रोसेसर बदलावा. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये आतले ग्राफिक्स यूएचडी ७३० पेक्षा बरेच ताकदवान आहे आणि हलके ऑनलाइन गेम कमी सेटिंगवर त्याच्यावर चालतात. पण त्याला रॅमच्या दोन पट्ट्या हव्यातच. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधूनच काम भागवते, आणि एकाच पट्टीवर ती वाट निम्मी होते. या प्रोसेसरची उणीव म्हणजे तो एएम४ या जुन्या सॉकेटवर बसतो आणि त्याचा पीसीआय एक्सप्रेस ३.० पिढीचा आहे. पुढे कार्ड घ्यायचे असेल तर १२४०० बरा, कधीच घ्यायचे नसेल तर ५६००जी बरा. या दोघांत यापेक्षा जास्त काथ्याकूट करण्यासारखे काही नाही.

भाव वाढले तर कात्री कुठे

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर झपाट्याने वाढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी कारखान्यांतली क्षमता डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे वळवली. ठरलेल्या रकमेला असा धक्का बसला की वाटणीची खरी परीक्षा होते. समजा, दुकानात पोचेपर्यंत आठ हजारांची रॅम तेरा हजारांची झाली. त्रेचाळीसचे अठ्ठेचाळीस झाले. शिल्लक दोन हजार होते, ते गेले, तरी तीन हजारांची तूट उरते.

पहिला हात रॅमलाच घालावा असे वाटते, म्हणजे १६ ऐवजी ८ जीबी. ते करू नये. ब्राउझर, कोड एडिटर आणि एखादे व्हर्च्युअल मशीन एकत्र उघडले की ८ जीबी संपतात आणि सहा कोअरचा प्रोसेसर एसएसडीची वाट पाहत बसतो. एसएमपीएसलाही हात लावू नये. कॅबिनेटमध्ये हजारभर सुटतील, पण तूट भरत नाही. त्यातल्या त्यात नीट सुटणारी जागा मदरबोर्ड आहे : बी७६० ऐवजी एच६१०, साडेतीन हजार वाचले आणि हिशेब पुन्हा बसला, पाचशे रुपये वर. पुढे ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा बेत तसाच राहतो, कारण कार्डाची मुख्य खाच एच६१० वरही प्रोसेसरला थेट जोडलेली आणि पीसीआय एक्सप्रेस ४.० चीच असते.

मदरबोर्ड बदलला की रॅमचा निर्णयही बदलतो. एच६१० वर रॅमच्या दोनच खाचा असतात. आठ-आठच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही भरतात, आणि पुढे ३२ जीबी करायचे झाले तर दोन्ही काढून विकाव्या लागतात. म्हणून इथे १६ जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि एक खाच रिकामी ठेवावी. एका पट्टीने यूएचडी ७३० आणखी मंद होते, पण या पीसीवर सध्या गेम नाहीत, लेक्चर आणि कोड आहे, आणि तिथे फरक जाणवत नाही. भाव उतरल्यावर तशीच दुसरी पट्टी आणली की दोन्ही वाटा खुल्या होतात. ५६००जी घेतला असता तर ही तडजोड चालली नसती. वाटणीतला एक आकडा हलला की शेजारच्या भागाचा विचार असा पुन्हा करावा लागतो. भावाच्या यादीत नुसती खाडाखोड करून ते साधत नाही.

कोटेशन आणि बिल

बेंगळुरूत सुट्या भागांचा जुना बाजार सदर पत्रप्पा रोडवर आहे, सगळे त्याला एसपी रोड म्हणतात. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड जसा, तसा हा. सर्जापूर रोडवरून तिथे जायला वाहतुकीत सहज दीड तास जातो, म्हणून यादी करून, दोन-तीन दुकानांकडून फोनवर कोटेशन मागवून आणि ऑनलाइन भावाशी ताडून मगच निघावे.

कोटेशनवर पहिला प्रश्न : जीएसटी धरून की वेगळा? सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. पंचेचाळीस हजारांचे कोटेशन कर वगळून असेल तर बिल त्रेपन्न हजार शंभर होते, आणि सगळी वाटणी आठ हजारांनी कोसळते. बिल न घेतल्यास भाव कमी, अशी सवलत मिळाली तरी घेऊ नये. वॉरंटी मागताना बिलच लागते, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असेल तर वाद राहत नाही.

दुसरा प्रश्न प्रोसेसरबद्दल : बॉक्स की ट्रे? ट्रे प्रोसेसर म्हणजे पीसी बनवणाऱ्या कंपन्यांना घाऊक पुरवलेला माल, तो सुटा होऊन बाजारात येतो. दिसायला आणि चालायला तो तोच, स्वस्तही असतो. पण त्यावर इंटेल ग्राहकाला थेट वॉरंटी देत नाही, दुकानदार देईल तीच. बॉक्समधल्या प्रोसेसरवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि सोबत कूलरही येतो. १२४०० साठी तोच कूलर पुरतो. ट्रे घेऊन वेगळा कूलर विकत घेतला तर वाचलेले पैसे बहुधा तिथेच संपतात.

पीसी जुळून सुरू झाला की दुकानातच, निदान पहिल्याच दिवशी घरी, जे पैसे मोजले ते सगळे चालू आहे का ते पाहावे. रॅमच्या बाबतीत हे विशेष, कारण ३२०० च्या वेगाची पट्टी बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय पुष्कळदा २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते. कुणाच्या लक्षातही येत नाही. विंडोज असेल तर पॉवरशेल उघडून हा आदेश द्यावा :

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
  Select-Object DeviceLocator, Capacity, ConfiguredClockSpeed
```

प्रत्येक पट्टीसाठी एक ओळ येते. DeviceLocator पुढे खाचेचे नाव, Capacity पुढे बाइटमध्ये आकार येतो. १६ जीबीच्या पट्टीसाठी 17179869184 दिसावे. ConfiguredClockSpeed पुढे 3200 ऐवजी कमी आकडा दिसला तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू करावे. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असाव्यात. शेजारी-शेजारी लावल्या असतील तर बहुधा एकच वाट वापरात आहे.

दुसरा टप्पा

वर्षभराने शिष्यवृत्तीचे किंवा इंटर्नशिपचे वीस-बावीस हजार हाती आले की ग्राफिक्स कार्ड घ्यायचे. तेव्हा विजेचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. १२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो. रेडिऑन आरएक्स ६६०० सारखे कार्ड १३२ वॅट. बोर्ड, एसएसडी, पंखे यांना पन्नासेक वॅट धरले तर सगळे मिळून तीनशेच्या जवळ. ५५० वॅटच्या एसएमपीएसला हे हलके काम आहे, म्हणूनच तो तेवढा घेतला होता.

यूपीएसचे तसे नाही. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर सहसा ३६० वॅट ही मर्यादा लिहिलेली असते. एसएमपीएस स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो, त्यामुळे आत तीनशे वॅट लागत असतील तर भिंतीतून साडेतीनशेच्या आसपास ओढले जातात. मॉनिटरचे पंचवीस मिळवले की मर्यादा ओलांडली. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम पूर्ण जोरावर क्वचितच चालतात, पण नेमक्या त्याच क्षणी वीज गेली तर यूपीएस लोड झेपत नाही म्हणून स्वतःच बंद पडतो. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेटला ६० ची मर्यादा घातली तर खप बराच खाली येतो आणि जुना यूपीएस निभावून नेतो. तसे नको असेल तर कार्डासोबत १००० व्हीएच्या यूपीएसचे पैसेही धरावेत. जनरेटरच्या लाइनवरची वॅटची मर्यादाही याच वेळी सोसायटीच्या कार्यालयात विचारून घ्यावी.

कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डावर लावायची, हे विसरले जाते. विसरले तर पडदा दिसला तरी गेम पूर्वीइतकाच मंद चालू शकतो, कारण चित्र अजूनही यूएचडी ७३० वरच तयार होत असते.

साठ हजारांत कार्ड दुसऱ्या वर्षावर टाकलेला हाच पीसी घ्यावा. कार्ड आले त्या दिवशी या पीसीतला एकही भाग काढून टाकावा लागत नाही, आणि कार्ड कधी बिघडून वॉरंटीत गेलेच तर केबल परत मदरबोर्डवर लावून अभ्यास चालू राहतो.